स्पीड टेस्टवरचा आकडा नक्की कोणाचा? केबल आणि वायफायच्या निकालात एवढा फरक का पडतो

"अरे इंजिनियर, पैसे २०० एमबीपीएसचे भरतोय आणि येतात ३१. सांग, ही फसवणूक नाही तर काय?"

आमच्या समोरच्या घरातल्या काकांनी एका रविवारी सकाळी मला मोबाइलचा स्क्रीन दाखवत हा प्रश्न विचारला. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. काकांची मुलगी जर्मनीत आहे. दर रविवारी दुपारी काका-काकू मागच्या बेडरूममध्ये बसून तिच्याशी आणि नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. गेले दोन महिने कॉल सतत अडकत होता. नातवाचा चेहरा गोठायचा आणि आवाज तुटायचा. काकांनी कंपनीत तक्रार केली. एक मुलगा बाइकवर आला, त्याने हॉलमधल्या फायबरच्या डब्याला स्वतःचा लॅपटॉप केबलने जोडला, २०५ चा आकडा दाखवला आणि "काका, लाइन ओके आहे" म्हणून निघून गेला. काकांचं म्हणणं, तो खोटं बोलला. शेवटी कंटाळून ते ३०० एमबीपीएसचा प्लॅन वर्षभराचे पैसे एकदम भरून घ्यायला निघाले होते.

मी लगेच लॅपटॉप घेऊन गेलो. काकांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली एक लॅन केबल घेतली, डब्याला जोडली आणि टेस्ट लावली. ९४ एमबीपीएस. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा, केबलवरसुद्धा निम्मेच येतात. कंपनी फसवतेय." काकांनी माझ्या समोरच त्या मुलाला फोन लावला आणि चांगलंच सुनावलं.

तो मुलगा बरोबर होता आणि मी चूक होतो. ९४ हा आकडा बघितल्यावर मला तिथेच कळायला हवं होतं की अडचण कंपनीच्या लाइनमध्ये नाही. ते का, आणि काकांच्या ३१ चा अर्थ काय होता, हे या लेखात सविस्तर बघू. यातला हिशोब तुमच्या घरीही तसाच लागू पडतो.

आधी स्क्रीनवर काय दिसतं ते बघू

स्पीड टेस्ट लावली की तुमचं डिव्हाइस जवळच्या एखाद्या सर्व्हरकडून काही सेकंद भरपूर डेटा ओढतं आणि नंतर त्याच्याकडे पाठवतं. ओढण्याचा वेग म्हणजे डाउनलोड, पाठवण्याचा म्हणजे अपलोड. दोन्ही `Mbps` मध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइल डाउनलोड करताना ब्राउझर मात्र `MB/s` दाखवतो, म्हणजे मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे २०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल जास्तीत जास्त २५ एमबी दर सेकंदाला उतरते. तिथे २४ दिसलं तर काहीही बिघडलेलं नाही.

तिसरा आकडा पिंगचा. तुमच्याकडून निघालेला एक छोटा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर घेऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, तो हा आकडा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिकहून मुंबईचं अंतर १७० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदांपेक्षाही कमी. बाकीचा वेळ मधली यंत्रं घेतात. म्हणून मुंबईच्या सर्व्हरला पाच-सात मिलिसेकंद आले तर ती उत्तम लाइन समजा.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. या सगळ्या आकड्यांमध्ये "कंपनीचा स्पीड" असा वेगळा आकडा कुठेच नसतो. सर्व्हर, कंपनीचं नेटवर्क, फायबर, डबा, केबल किंवा हवा, आणि शेवटी तुमचा फोन, अशी ही एक लांब पाइपलाइन आहे. नळाला पाणी किती येणार हे सगळ्यात बारीक तुकड्यावर ठरतं. टेस्ट त्या सगळ्यात बारीक तुकड्याचा आकडा दाखवते, पण तो तुकडा कोणता हे सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं. केबल आणि वायफाय अशा दोन टेस्ट करायच्या त्या याचसाठी.

९४ आला की केबलवर संशय घ्या

लॅन पोर्ट ठरावीक वेगांवरच चालतो. घरगुती उपकरणांत मुख्यतः १०० एमबीपीएस किंवा १००० एमबीपीएस, ज्याला आपण गिगाबिट म्हणतो. दोन्ही बाजूंची यंत्रं केबल लागल्याबरोबर आपसात बोलून यातला एक वेग ठरवतात. १०० ठरला तर पुढे प्लॅन २०० चा असो की ५०० चा, त्या केबलमधून १०० च्या वर काही जात नाही.

मग १०० ऐवजी ९४ का दिसतात? कारण डेटा पाकिटांमधून जातो आणि प्रत्येक पाकिटाला वेष्टण असतं. नेहमीच्या पाकिटात १५०० बाइट मावतात. त्यातले ४० बाइट पत्ता आणि हिशोबाच्या नोंदींसाठी जातात, उरतात १४६०. शिवाय केबलवर प्रत्येक पाकिटाच्या मागे-पुढे वेष्टण आणि मोकळी जागा मिळून आणखी ३८ बाइटांचा वेळ जातो. म्हणजे १५३८ बाइटांची जागा वापरली तेव्हा तुमच्या कामाचे १४६० पोहोचले.

```
1460 / 1538 = 0.949
100 Mbps x 0.949 = 94.9 Mbps
```

नोंदींमध्ये थोडा फरक पडला की हा आकडा ९४.१ होतो. म्हणून केबलवर ९३ ते ९५ च्या मध्ये, दर वेळी जवळपास तोच आकडा आला, तर समजायचं की लिंक १०० वर अडकली आहे. कंपनीची लाइन खरंच कमजोर असती तर आकडा एकदा ७०, एकदा ११०, असा वर-खाली झाला असता. तो इतक्या नेमका ९४ वर येऊन थांबला नसता. मी तीनदा टेस्ट केली होती आणि तिन्ही वेळा ९४ आले होते. तिथेच मला शंका यायला हवी होती.

विंडोजमध्ये खात्री करायला एक मिनिट लागतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडा, `Link speed` समोर `100/100` आहे की `1000/1000` ते दिसेल. माझ्या लॅपटॉपवर `100/100` होतं.

अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, पोर्ट. बऱ्याच फायबर डब्यांवर एक पोर्ट `GE` आणि बाकीचे `FE` लिहिलेले असतात. `GE` गिगाबिटचा, `FE` शंभरचा. काकांच्या डब्यावर मी `GE` मध्येच केबल लावली होती, त्यामुळे पोर्ट निर्दोष. दुसरी, केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. काकांच्या केबलचं पारदर्शक प्लास्टिकचं टोक मी उजेडात धरलं. आत चारच रंग दिसत होते. कोणी तरी कधी तरी टीव्हीच्या सेट टॉप बॉक्ससाठी बनवलेली ती चार तारांची केबल होती.

घरी जाऊन माझी कॅट-सिक्स केबल आणली. त्याच पोर्टला, त्याच लॅपटॉपवर, दहा मिनिटांच्या अंतराने: २०७ डाउनलोड, २०३ अपलोड, पिंग ५. त्या मुलाने दाखवलेला २०५ खरा होता. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मग वायफायवर ३१ च का?

आता लाइन स्वच्छ आहे हे कळलं. म्हणजे २०७ आणि ३१ मधला सगळा फरक घरातल्या घरात, हॉल ते बेडरूम या चाळीस फुटांत पडत होता.

अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या नावावर किंवा बाजूच्या चिन्हावर टॅप केलं की बहुतेक फोन लिंक स्पीड दाखवतात. काकांच्या फोनवर बेडरूममध्ये ५८ एमबीपीएस होतं आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ. ३१ चं अर्धं उत्तर इथेच मिळतं. फोन आणि राउटर यांनी आपसात ५८ वरच तडजोड केली होती, तर २०० येणार कुठून? काकांचा फोन साधा, एका अँटेनाचा. असा फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेहमीच्या चॅनलवर अगदी राउटरला चिकटून ठेवला तरी लिंक स्पीड ७२ च्या पुढे जात नाही. भिंती मध्ये आल्या की सिग्नल क्षीण होतो आणि फोन सावधपणे खालच्या पायरीवर उतरतो: ७२ वरून ६५, ५८, ४३, असं.

पण ५८ चे ३१ कसे झाले? केबलमध्ये शंभरातले ९४ मिळतात, इथे निम्मेच का?

कारण केबलमध्ये जायला आणि यायला वेगवेगळ्या जोड्या आहेत आणि त्या केबलवर दुसरं कोणी नाही. वायफायमध्ये हवा एकच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. राउटर बोलत असताना फोन गप्प, फोन बोलताना राउटर गप्प. बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, थोडं थांबायचं, मग पाठवायचं, मग "मिळालं" अशी पोच यायची वाट बघायची. पोच आली नाही तर तेच पुन्हा पाठवायचं. या सगळ्यात वेळ जातो. म्हणून वायफायवर लिंक स्पीडच्या निम्म्यापासून साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंतच प्रत्यक्षात मिळतात. ५८ चे ३१ म्हणजे अगदी अपेक्षित आकडा.

आणि या एकाच हवेत फक्त काकांचं घर नाही. सिडकोत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. काकांच्या बेडरूममधून माझ्या लॅपटॉपला २३ वायफाय नेटवर्क दिसत होती, त्यातली बहुतेक २.४ वर. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे एका चॅनलवर सरासरी सात-आठ घरं. शेजारचा राउटर बोलायला लागला की काकांचा राउटर थांबतो. त्यात कोणाचा जुना फोन लांबून अगदी हळू वेगाने बोलत असेल, तर तेवढाच डेटा पाठवायला तो जास्त वेळ हवा अडवून ठेवतो आणि बाकी सगळे त्याच्यामागे खोळंबतात.

आता सांगा, ३०० चा प्लॅन घेऊन काय झालं असतं? बेडरूममध्ये ३१ च राहिले असते. पाइप बारीक झाला होता तो घरात, आणि पैसे वाढणार होते घराबाहेरच्या पाइपचे.

५ गिगाहर्ट्झवर जा म्हणतात, ते खरं पण अर्धंच

काकांच्या डब्यात दुसरा बँडही होता, ५ गिगाहर्ट्झचा, नावाच्या शेवटी 5G लिहिलेला. हे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, नुसता योगायोगाने सारखा शब्द आहे. इथे चॅनल रुंद असतात. नेहमीच्या २० मेगाहर्ट्झऐवजी ८० मेगाहर्ट्झ. त्यामुळे काकांच्याच एका अँटेनाच्या फोनचा लिंक स्पीड ४३३ पर्यंत जातो. जागाही जास्त आहे. भारतात २०१८ मध्ये सरकारने या बँडमधला मोठा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा केला.

हॉलमध्ये उभं राहून फोन ५ वर जोडला आणि टेस्ट केली: १९६. केबलच्या जवळपास. काका खूश झाले. मग आम्ही बेडरूममध्ये गेलो आणि तिथे आले २२. म्हणजे २.४ पेक्षाही कमी.

लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितक्या त्या भिंतीत लवकर दमतात. हॉल आणि बेडरूममध्ये दोन विटांच्या भिंती आणि बेडरूमच्या भिंतीला टेकून एक मोठं लोखंडी कपाट. विटांमधून थोडं तरी पार होतं, लोखंडातून नाही. शिवाय डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये बंद दाराआड ठेवलेला. तो बाहेर काढून वर ठेवला तर बेडरूममधला आकडा २२ चा ४० झाला. फरक पडला, पण काम भागलं नाही.

कॉल अडकण्याचं खरं कारण वेगळंच होतं

इथवर आल्यावर काकूंनी एक साधा प्रश्न विचारला: "अरे, पण ३१ काय कमी आहेत का?"

नाहीत. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. ३१ मध्ये असे सहा-सात कॉल आरामात चालायला हवेत. मग नातवाचा चेहरा का गोठत होता?

कारण कॉलला वेगापेक्षा वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं असतं. सिनेमा बघताना पुढचा भाग आधीच येऊन साठतो, त्यामुळे मध्ये दोन सेकंद अडथळा आला तरी कळत नाही. कॉलमध्ये साठवायला काही नसतं, बोललेलं लगेच पोहोचावं लागतं. म्हणून कॉलसाठी पिंग बघायचा, आणि तोही लाइन रिकामी असतानाचा नाही, लाइन भरलेली असतानाचा. काही स्पीड टेस्ट ॲप डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंग वेगळा दाखवतात. लोकांचं तिकडे लक्षच जात नाही. काकांच्या बेडरूममध्ये रिकाम्या लाइनचा पिंग ९ होता, छानच. डाउनलोड चालू असतानाचा होता २४०.

याचा अर्थ असा. द्वारका चौक मोकळा असेल तर रुग्णवाहिका एका मिनिटात पार होते. चौक तुंबला की तीच रुग्णवाहिका ट्रकांच्या मागे उभी राहते. डब्यातही तसंच होतं. पुढे जायला वाट बारीक असली की पाकिटं डब्यात रांग लावतात, आणि कॉलचं छोटं पाकीट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. आणि रविवारी दुपारी काकांच्या घरात हॉलमध्ये टीव्हीवर क्रिकेट चालू असतं, तेही त्याच २.४ च्या वायफायवरून.

यात दोष घरातला की बाहेरचा, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. इंटरनेट सोडा, फक्त आपल्या राउटरलाच पिंग करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी `ipconfig` लिहा. त्यात `Default Gateway` समोरचा पत्ता म्हणजे तुमचा राउटर. मग त्याला पिंग लावून ठेवा:

```
ipconfig
ping -t 192.168.1.1
```

काकांकडे पत्ता हाच होता, तुमच्याकडे वेगळा असू शकतो. केबलवर प्रत्येक ओळीत `time<1ms` येत होतं. हॉलमध्ये वायफायवर दोन ते चार. बेडरूममध्ये मात्र ३, ५, १८०, ४, ४१०, आणि मध्येच `Request timed out`. चाळीस फुटांवरच्या डब्याकडून उत्तर यायला ४१० मिलिसेकंद लागत असतील, तर जर्मनीला दोष देण्यात अर्थ नाही. अर्थात जर्मनीचं अंतर आहेच. इतक्या लांब जाऊन-येऊन शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतातच, आणि मुंबईच्या सर्व्हरवर केलेली टेस्ट तो रस्ता मोजत नाही. पण शंभर-दीडशे स्थिर असतील तर कॉल व्यवस्थित चालतो. माणसाला त्रास होतो तो आकडा उड्या मारतो तेव्हा. या उड्यांनाच ॲपमध्ये जिटर म्हणतात.

शेवटी काय केलं

एमजी रोडवरून २० मीटर कॅट-सिक्स केबल आणली. तांब्याची आहे याची खात्री करून घेतली, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही त्याच नावाने विकतात. ती दाराच्या चौकटीवरून हॉलमधून बेडरूमपर्यंत नेली. माझ्याकडे एक जुना दोन बँडचा राउटर पडून होता, तो बेडरूममध्ये बसवला. केबल त्याच्या इंटरनेट लिहिलेल्या पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावली आणि त्याच्यातलं `DHCP` बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम हॉलमधला डबा एकटाच करतो आणि हा जुना राउटर नुसता वायफाय पसरवतो. टीव्हीला हॉलमध्येच छोटी केबल लावून वायफायवरून काढून टाकलं.

बेडरूममध्ये काकांच्या फोनवर टेस्ट केली. ९३.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "परत निम्मेच?"

हो, परत तेच. माझ्या जुन्या राउटरचे पोर्ट शंभरचे आहेत, त्यामुळे ९४-९५ च्या वर काही येऊच शकत नाही. पण या वेळी तो आकडा कुठून आला हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही तो तसाच ठेवला. गिगाबिटचा नवा राउटर घेतला असता तर १९०-२०० आले असते, पण काका-काकूंना बेडरूममध्ये फक्त कॉल करायचा होता. त्यासाठी बघायचा आकडा दुसराच होता: भरलेल्या लाइनवरचा पिंग २४० वरून २१ वर आला होता.

तुमच्या घरी करायचं असेल तर

लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन असेल तर बंद करा, नाहीतर तुम्ही ऑफिसची लाइन मोजाल. बाकी डाउनलोड थांबवा. सर्व्हर प्रत्येक वेळी एकच ठेवा, नाहीतर दोन निकालांची तुलनाच होत नाही.

पहिली टेस्ट केबलवर, थेट डब्याच्या `GE` पोर्टला, आठही तारा असलेल्या केबलने. आधी लिंक स्पीड `1000/1000` असल्याची खात्री करा. प्लॅनच्या जवळपास आकडा आला तर कंपनीने तिचं काम केलं आहे. सकाळी पूर्ण येतो आणि रात्री नऊ वाजता निम्मा होतो, असं दोन-तीन दिवस दिसलं, तर मात्र अडचण कंपनीच्या बाजूला गर्दीची आहे. अशा वेळी तारीख, वेळ आणि "केबलवर, लिंक स्पीड १०००" एवढं लिहून स्क्रीनशॉट पाठवा. वायफायचा स्क्रीनशॉट पाठवला तर "राउटरजवळ जा" एवढंच उत्तर येईल, आणि ते चूकही नसेल.

दुसरी टेस्ट वायफायवर राउटरच्या खोलीत, तिसरी तुम्ही प्रत्यक्ष बसता त्या जागी. केबल आणि जवळचं वायफाय यांत मोठा फरक असेल तर बँड किंवा डिव्हाइसची मर्यादा आहे, लिंक स्पीड बघा. जवळचं आणि लांबचं यांत मोठा फरक असेल तर भिंती आहेत, आणि त्यावर मोठा प्लॅन हा उपाय नाही.

३०० च्या प्लॅनचे पैसे काकांनी भरले नाहीत. पुढच्या रविवारी तासभराचा कॉल न अडकता झाला, असं काकूंनी गेटमधूनच ओरडून सांगितलं. काकांनी त्या कंपनीच्या मुलाला फोन करून "तू बरोबर होतास, चुकी आमच्या केबलची होती" असं सांगितलं. "आमच्या इंजिनियरची" असं म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.